दुरुस्ती निधी आत्ताच वाढवायचा की काम निघाल्यावर वर्गणी काढायची?

खजिनदार, डोंबिवली: आमची इमारत 1994 ची, 24 सदनिका. निम्म्या वन बीएचके, निम्म्या टू बीएचके. दाखल्याप्रमाणे एका घराचा बांधकाम खर्च अनुक्रमे 4 आणि 6 लाख. दुरुस्ती निधी आजवर वर्षाला या खर्चाच्या पाऊण टक्क्याने घेतो. शिल्लक 1,80,000. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अंदाज 6 लाख. सभेपुढे बजेट कसं मांडू?

मीनल: पाऊण टक्का हा आदर्श उपविधींतला किमान दर आहे, त्याहून जास्त घ्यायचं सभा ठरवू शकते. तुमचे वर्षाला 90,000 जमतात, त्यातले पंप आणि नळाच्या किरकोळ कामांत 60,000 जात असतील तर गच्चीसाठी उरतं काय? गच्ची 3 वर्षांत करायची तर शिल्लक वजा जाता वर्षाला 1,40,000 लागतील. त्यात ते 60,000 मिळवा. पावणेदोन टक्क्यांनी 2,10,000 जमतात, म्हणजे लहान घराला महिना 250 चे सुमारे 583, मोठ्याला 375 चे 875. सभेत टक्के सांगत बसू नका, प्रत्येक घराचा आकडा दाखवा. आणि तीन-चार जण कायम थकवत असतील तर जमा धरताना ते वगळा. बिलं फाडली म्हणजे पैसे आले असं होत नाही.

देशपांडे काका: माझा विरोध आहे. पेन्शनवर जगणाऱ्याला दुपटीहून जास्त वाढ झेपत नाही. शिवाय निधी साठला की कमिटीला गेटची कमान सुचते, हे मी पाहिलंय. सिंकिंग फंड कशासाठी आहे? तो वापरा. आणि वर्गणी सगळ्यांना सारखी हवी, गच्ची सगळ्यांचीच आहे.

मीनल: काका, कमानीची भीती रास्त आहे. म्हणून गच्चीची रक्कम वेगळ्या मुदतठेवीत ठेवायचा ठराव याच सभेत करून घ्या. सिंकिंग फंडही मोठ्या दुरुस्तीला वापरता येतो, पण त्याला वास्तुविशारदाचा दाखला आणि सभेचा ठराव लागतो. सारखी वाटणी मात्र सेवा शुल्काची असते. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणातच.

सागर: माझा फ्लॅट भाड्याने आहे म्हणून सोसायटी मेंटेनन्स दुप्पट लावते. तेही बजेटमध्येच बसवतात का?

मीनल: तो विषय वेगळा आहे. घर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतं. लेखी तक्रार द्या.

अनघा: इमारत तिशी ओलांडलेली आहे, दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. ते झालंय का? आमच्याकडे वरच्या मजल्याची ओल गच्चीची समजून कोटेशनं घेतली आणि गळत होता डक्टमधला पाइप. ऑडिटची फी आधी बजेटमध्ये धरा, मग 6 लाखांचं बोला.

देशपांडे काका: ऑडिटला माझी हरकत नाही. पण दोन वर्षांत पुनर्विकास ठरला तर गच्चीवरचे 6 लाख पाण्यात जातील, त्याचं काय?

अनघा: पुनर्विकासाची नुसती चर्चा आहे की ठराव झालाय? नुसती चर्चा असेल तर तोवर वरच्या मजल्यावरच्यांनी किती पावसाळे बादल्या लावायच्या?

खजिनदार, डोंबिवली: ठराव नाही, फक्त दोन बिल्डर येऊन बोलून गेलेत. ऑडिट मागे पडलंय. फी धरतो आणि काकांचं ऐकून एक टक्का व पावणेदोन टक्के असे दोन तक्ते सभेत ठेवतो. एक टक्क्याला वर्षाचे 1,20,000 येतात, त्यातले 60,000 किरकोळ कामांत जातात, म्हणजे गच्ची 7 वर्षांनी. तेही तक्त्यात लिहितो.