सीजीपीएचे टक्के काढताना विद्यापीठाचा नियम वापरायचा की सगळे वापरतात तो ९.५?

मृणाल_जे
माझा सीजीपीए ७.६२ आहे. मार्कशीटच्या मागे नियम छापलाय, टक्के = १० × (सीजीपीए − ०.७५). एका फॉर्ममध्ये टक्के भरायचेत आणि मैत्रिणी म्हणतायत ९.५ ने गुण, सगळे तेच करतात. दुसऱ्या फॉर्ममध्ये उलटं, टक्क्यांवरून सीजीपीए मागितलाय. कुठला नियम धरू? आणि हे ०.७५ वजा कशासाठी करतात?

सागर_के
९.५ च धर, जास्त विचार करू नको. सीबीएसईने दहावीला हाच आकडा दिला होता, म्हणजे सरकारी बोर्डाचा आकडा आहे, कोण विचारणार. तुझे ७२.३९ येतात, छान दिसतात. स्वतःच्या हाताने कमी मार्क लिहायची काय गरज आहे कळत नाही.

परीक्षा_विभाग_निवृत्त
सागर, सीबीएसईचा ९.५ खरा आहे, पण तो आला कुठून ते बघा. ९१ ते १०० च्या गटातल्या मुलांच्या मार्कांची सरासरी साधारण ९५ येत होती, त्या गटाला ग्रेड पॉइंट १०, म्हणून ९५ भागिले १० झालं ९.५. तो आकडा त्या बोर्डाच्या दहावीच्या मार्कांवरून निघालेला आहे. दुसऱ्या विद्यापीठाच्या डिग्रीला तो लावायला काही आधारच नाही, आणि तिच्या मार्कशीटवर तर स्वतःचा नियम छापलेला आहे, मग प्रश्न येतो कुठे?

मृणाल, तुझं गणित असं. आधी कंसातलं, ७.६२ मधून ०.७५ गेले की ६.८७. मग दहाने गुणायचं, ६८.७ टक्के. कॅल्क्युलेटरवर कंस न देता १० × ७.६२ − ०.७५ टाकलंस तर ७५.४५ येतील आणि ते चूक आहेत. अशा चुकीने भरलेले फॉर्म मी टेबलावर खूप बघितलेत, मुलं खोटं बोलत नसतात, कंस सुटलेला असतो. ताळा करायचा असेल तर ६.७५ टाकून बघ, बरोबर ६० यायला पाहिजेत.

आता ०.७५ चं. समजा ७० ते ७९ मार्कांना पॉइंट ८, ८० ते ८९ ला ९, ६० ते ६९ ला ७ असे गट आहेत. एका मुलाला पाच सारख्या क्रेडिटच्या विषयांत ७१, ७२, ७०, ८०, ६१ मिळाले. पॉइंट झाले ८, ८, ८, ९, ७, म्हणजे सरासरी ८. नुसतं दहाने गुणलं तर ८० टक्के होतात, पण त्याच्या मार्कांची खरी सरासरी ७०.८ आहे. पॉइंट नेहमी गटाच्या वरच्या टोकाकडे ओढलेला असतो, म्हणून काहीतरी वजा करावंच लागतं. ०.७५ वजा केले की ७२.५ येतात, खऱ्याच्या बरेच जवळ.

सागर_के
बरं, पण दुसऱ्या मुलाला ७९, ७८, ७९, ८९, ६९ असतील तर? त्याचेही पॉइंट ८, ८, ८, ९, ७ च, सीजीपीए ८ च, आणि त्याची खरी सरासरी ७८.८ आहे. त्यालाही तुमचा नियम ७२.५ च देणार, म्हणजे त्याचे सहा टक्के उडाले. मग तुमचा नियम तरी खरा कसा? माझा ९.५ त्याला ७६ देतो, त्याच्यासाठी माझाच जवळचा आहे.

परीक्षा_विभाग_निवृत्त
मुद्दा बरोबर आहे, मान्य. गट केले की आतली माहिती जाते, ती कुठल्याच सूत्राने परत येत नाही, म्हणून याला अंदाजे टक्केच म्हणायचं. पण पहिल्या मुलालाही ९.५ ने ७६ च मिळतात की, आणि त्याचे खरे ७०.८. आपला मुलगा पहिला की दुसरा हे मार्कशीटवर फक्त ग्रेड असल्या तर कळतच नाही. कळत नसताना प्रत्येकाने आपल्याला सोयीचं सूत्र निवडायचं म्हटलं तर तुलनेला काय उरलं?

आणि ९.५ कधीतरी कमी देईल असंही नाही. दोन्ही सूत्रांतला फरक ७.५ वजा सीजीपीएचा निम्मा एवढा असतो. सीजीपीए ५ ला पाच टक्के फरक, ७.६२ ला ३.६९, पुरत्या १० ला सुद्धा अडीच. प्रत्येक ठिकाणी ९.५ चाच आकडा मोठा. त्यामुळे तपासणाऱ्याला कुठला नियम लावलाय ते लगेच कळतं.

पल्लवी_ताई
हे आमच्या घरात घडलंय म्हणून लिहिते. माझ्या बहिणीचा फॉर्म कॅफेवाल्याने भरला, त्याने सगळ्यांना लावतो तसे ९.५ लावले, व्हेरिफिकेशनला बसलेल्या बाईंनी मार्कशीट उलटी केली, मागचा नियम वाचला आणि विचारलं की हे टक्के आणलेत कुठून. नियमाने काढले तरी ती कट-ऑफच्या वरच होती, पण फॉर्ममधला आकडा आणि मार्कशीटवरून येणारा आकडा जुळत नाही म्हणून हमीपत्र द्या, विद्यापीठाचं कन्व्हर्जन सर्टिफिकेट आणा, सगळं झालं आणि तोवर पहिल्या राउंडची मुदत गेली. मृणाल, मागच्या पानाचीही झेरॉक्स जोड, लोक फक्त पुढचं पान जोडतात.

बाबा_अकोलकर
नमस्कार. माझ्या मुलाचा बाहेरच्या युनिव्हर्सिटीचा जीपीए ३.४ आहे. वरच्या नियमाने काढला तर २६.५ टक्के येतात. म्हणजे तो नापास आहे का? त्याने तर चांगला रिझल्ट आहे म्हणून सांगितलंय, काळजी वाटते.

पल्लवी_ताई
काका, काळजी करू नका. त्याचा ३.४ चार पैकी आहे आणि हा नियम दहा पैकी असलेल्या सीजीपीएचा आहे, तो तिकडे लागूच होत नाही. त्याच्या ट्रान्सक्रिप्टच्या मागे ग्रेडचा तक्ता असेल तो बघा. चार पैकी ३.४ चांगलाच रिझल्ट आहे.

भरतीवाला
मी दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण अर्ज छाननीचं काम करतो. आपल्या विद्यापीठाचा नियम पाळा हे ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यातला अन्याय बघा. काही विद्यापीठं सीजीपीएला सरळ दहाने गुणतात. एक मुलगी तिथली, सीजीपीए ७.५, टक्के ७५. दुसरी मृणालच्या विद्यापीठातली, तिचाही ७.५, टक्के ६७.५. कट-ऑफ ७० चा. पहिली आत, दुसरी बाहेर, आणि दोघींची ग्रेड अगदी सारखी असू शकते. मला वाटतं फॉर्म काढणाऱ्यांनी टक्के मागणंच बंद करावं, सीजीपीए घ्यावा आणि सगळ्यांना एकच नियम स्वतः लावावा.

परीक्षा_विभाग_निवृत्त
एआयसीटीईने तसा तक्ता दिलेला आहेच की. दहा पैकी ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७०, ८.२५ म्हणजे ७५. मृणालच्या मार्कशीटवरचं सूत्र त्याच्याशी तंतोतंत जुळतं. पण ज्या विद्यापीठात मार्क सढळ देतात आणि जिथे हात आखडतात त्या दोघांना एकच तक्ता लावला तर तोही न्याय कसा? विद्यापीठ आपल्या ग्रेडिंगचा विचार करून नियम ठरवतं असं आम्ही तरी धरून चालायचो.

भरतीवाला
धरून चालायचात, हेच म्हणतोय मी. अनेक ठिकाणी शेजारच्याचं सूत्र उचललेलं दिसतं. याच नियमाने ४ पॉइंटवाल्याचे ३२.५ टक्के होतात, आणि ज्या तक्त्यात ४० मार्कांना ४ पॉइंट आहे तिथे तो मुलगा प्रत्येक विषयात ४० च्या वर असतो. प्रत्येक विषयात पास झालेल्याची सरासरी ३२.५ होईलच कशी? मधल्या पट्ट्यात सूत्र ठीक चालतं, खालच्या टोकाला चालत नाही.

परीक्षा_विभाग_निवृत्त
खालच्या टोकाचं बरोबर आहे. वरच्या टोकालाही तसंच, १० पैकी १० वाल्याला ९२.५ च्या वर जाताच येत नाही.

मृणाल_जे
मग उलट्या फॉर्मचं काय करू? तिथे टक्के टाकले की तो स्वतः सीजीपीए काढून दाखवतो. ६९ टाकले तर ७.६५ दाखवतोय आणि ६८ टाकले तर ७.५५. माझा ७.६२ येतच नाही, दशांश घेत नाहीये.

परीक्षा_विभाग_निवृत्त
तो हिशोब बरोबर करतोय. उलटा नियम असा, सीजीपीए = टक्के ÷ १० + ०.७५. ६८.७ टाकता आले असते तर ६.८७ अधिक ०.७५, बरोबर ७.६२ आला असता. पूर्णांक घेतला की एका टक्क्याला ०.१ चं अंतर पडतं, मधले सीजीपीए त्याला दाखवताच येत नाहीत. म्हणून उलटं काढून आलेला सीजीपीए कुठे लिहू नकोस, मार्कशीटवरचा ७.६२ आहे तोच खरा. फॉर्ममध्ये शेरा लिहायची जागा असेल तर तिथे सीजीपीए आणि नियम दोन्ही लिही, नसेल तर हेल्पलाइनला मेल टाकून उत्तर जपून ठेव.

आणि जाताना एक नियम, येताना दुसरा असं करू नकोस. ६८.७ ला ९.५ ने भागलंस तर ७.२३ येतो, तुझा स्वतःचाच सीजीपीए ०.३९ ने खाली जातो.

सागर_के
पूर्णांकच घेतो तर मग ६९ टाकायचे ना, ६८.७ चे ६९ होतातच, शाळेत शिकवलंय.

भरतीवाला
तुझ्या बाबतीत कदाचित चालेल मृणाल, पण कट-ऑफजवळ अशी सवय अंगलट येते. कट-ऑफ ६० चा असेल तर मी आधी त्याचाच सीजीपीए काढतो, ६.७५, आणि मार्कशीटशी लावून बघतो. ६.७४ वाल्याचे ५९.९ होतात आणि त्याने ६० लिहिलेले असले तरी माझ्याकडे तो बाहेर जातो. फॉर्ममध्ये राउंड करा असं लिहिलं असेल तरच करा.

पल्लवी_ताई
हे नाही पटत. तुम्हीच वर म्हणालात की सूत्र धड नाही, खालच्या टोकाला चालत नाही. विद्यापीठ सीजीपीए दोन दशांशांत राउंड करूनच छापतं, मग ६.७४ म्हणजे आतून ६.७४४ सुद्धा असू शकतो. अंदाजे टक्क्यांवर ०.१ साठी मुलाला बाहेर काढायचं?

भरतीवाला
६.७४४ असला तरी ५९.९४ च होतात ताई, ६० होत नाहीत. रेघ कुठेतरी ओढावी लागते, नाहीतर मग ६.७० वाला पण येऊन उभा राहतो.

पल्लवी_ताई
रेघ ओढा, पण मग जाहिरातीत सीजीपीएच लिहा ना, "६.७५ किंवा जास्त". मुलांना टक्के काढायला लावायचे आणि नंतर दशांशावरून पकडायचं हे मला बरोबर वाटत नाही.

मृणाल_जे
पहिल्या फॉर्ममध्ये दशांश चालतो, तिथे ६८.७ भरले आणि मार्कशीटची दोन्ही पानं स्कॅन करून जोडली. दुसऱ्या फॉर्मसाठी हेल्पलाइनला मेल टाकलाय, ६८ की ६९ ते त्यांनीच सांगावं. शेवटची तारीख अजून लांब आहे, उत्तर आलं की इथे लिहिते.