मदत हवी आहे: उत्पत्ति ३:४ मधला सर्पाचा नकार मराठीत कसा आणावा?

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा मूळ हिब्रूवरून मराठी मसुदा करतोय. तो मोठ्याने वाचला जाणार आहे, त्यामुळे तळटीप देता येणार नाही. हिब्रूत जोर देण्यासाठी एकच क्रियापद दोन रूपांत जोडीने येतं. २:१६ मधलं 'आखोल तोखेल' ही परवानगी, म्हणून 'खुशाल खा' केलं. २:१७ मधल्या देवाच्या इशाऱ्यातल्या 'मोत तामूत'साठी 'मरता मरशील' करून पाहिलं, ते कानाला मराठी वाटेना. 'मरशीलच' चपखल बसलं.

अडलंय ३:४ वर. सर्प देवाचेच शब्द उचलतो, पण 'लो' हा नकार एरवीसारखा दोन क्रियारूपांच्या मध्ये न येता जोडीच्या आधी येतो: 'लो मोत तेमुतून'. 'तुम्ही मरणारच नाही' हा साफ नकार झाला. 'तुम्ही मरालच असं नाही' म्हटलं तर देवाने दिलेली खात्री तेवढी खोडली जाते. नकाराच्या या जागेवरून दुसरा अर्थ घेणं व्याकरणाला धरून होईल का?