मदत हवी आहे: क्रीमच्या यादीत केशर नवव्या नंबरवर, म्हणजे नक्की किती टक्के?

ऐरोलीची_मनीषा
आईच्या गालांवर वांग आलेत. तिच्यासाठी ठाण्याला गोखले रोडवरून केशराची क्रीम आणली, ५० ग्रॅम, ६५० रुपये. मागच्या यादीत केशर नवव्या नंबरवर आहे. यादी जास्तीकडून कमीकडे असते ना? मग नववा म्हणजे किती टक्के? सील फोडलेलं नाही, दुकानदार परवापर्यंतच परत घेईल. लवकर सांगा.

कळव्याचा_केदार
नववा किती घटकांपैकी? आधी काय, नंतर काय? पूर्ण यादी टाका, नुसत्या नंबरावरून काही कळत नाही.

नेरुळचे_काका
मनीषाताई, टक्के छापलेले असणारच, नीट बघा. मला डायबेटिस आहे म्हणून नाचणीची बिस्किटं आणली, तर मागे पहिला मैदा, दुसरी साखर आणि नाचणीपुढे १२ टक्के छापलेलं. तेव्हापासून मी पुडा आधी उलटा करतो. कोणाला कमी साखरेची बिस्किटं माहीत आहेत का?

ऐरोलीची_मनीषा
काका, टक्के कुठेच नाहीत. यादी अशी: पाणी, ग्लिसरीन, सीटेअरिल अल्कोहोल, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, ग्लिसरिल स्टिअरेट, नायसिनामाइड, डायमेथिकोन, झँथन गम, क्रोकस सॅटिव्हस एक्स्ट्रॅक्ट (हेच केशर, गूगल केलं), सोडियम हायलुरोनेट, फेनॉक्सीइथेनॉल, परफ्यूम, डायसोडियम ईडीटीए, सीआय १९१४०.

स्किनकेअर_वेडी
ठेवून घे! फेनॉक्सीइथेनॉल १ टक्क्याहून जास्त घालत नाहीत. त्याच्या खालचं सगळं १ टक्क्याच्या आत, वरचं सगळं जास्त. केशर वर आहे, म्हणजे १ टक्क्यापेक्षा जास्त. मी सगळ्या क्रीम अशाच तपासते.

रबाळे_लॅब
अर्धं बरोबर आहे. मी अकरा वर्षं क्रीम-लोशनच्या कारखान्यात बॅच काढतोय. उतरता क्रम सक्तीचा आहे तो १ टक्क्यापेक्षा जास्त असलेल्या घटकांसाठी. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर येतात, पण आपापसांत कुठल्याही क्रमाने. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही हेच आहे. त्यामुळे ०.०१ टक्का केशर ०.९ टक्के फेनॉक्सीइथेनॉलच्या आधी छापलं तरी ते नियमातच बसतं.

म्हणून फेनॉक्सीइथेनॉलवर थांबू नका. वरून वाचत या आणि १ टक्क्याच्या आतच असणारा पहिला घटक शोधा. इथे तो झँथन गम. तो क्रीममध्ये साधारण ०.१ ते ०.५ टक्के घालतात. पूर्ण १ टक्का घातला तर क्रीम बोटाला चिकटून शेंबडासारखी तार धरते, अशी क्रीम कोणी विकायला काढत नाही. म्हणजे १ टक्क्याची रेषा उशिरात उशिरा झँथन गमच्या वर पडते, आणि केशर तिच्या खाली.

आता ५० ग्रॅमचा १ टक्का म्हणजे अर्धा ग्रॅम. तेवढा अर्कसुद्धा यात नाही, असं मी धरेन. आणि शेवटचा सीआय १९१४० बघा. तो टार्ट्राझिन, पिवळा रंग. क्रीम पिवळसर दिसली तर ते श्रेय केशराला देऊ नका.

काका, तुमचा टक्क्यांचा नियम खाद्यपदार्थांचा. पुढे ज्या घटकाचं नाव मिरवायचं त्याचं प्रमाण तिथे छापावं लागतं. क्रीमला तशी सक्ती नाही.

कळव्याचा_केदार
थोडक्यात, रेषेखालचं सगळं फक्त जाहिरातीपुरतं.

रबाळे_लॅब
नाही, केदार. रेटिनॉल ०.३ टक्क्यालाही काम करतं, कुणाकुणाची त्वचा तेवढ्यानेही सोलवटते. सोडियम हायलुरोनेटही बहुतेक १ टक्क्याच्या आतच असतं. घटकाला किती प्रमाण लागतं ते आधी बघायचं, मग तो रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते.

स्किनकेअर_वेडी
झँथन गमकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. पण वांगावर नायसिनामाइड चालतं ना? ते तर झँथनच्याही वर आहे.

रबाळे_लॅब
चालतं, साधारण २ ते ५ टक्क्यांना. पण इथे ते २ टक्के आहे की अर्धा, हे यादीवरून ठरत नाही. रेषा झँथनच्या वर आहे एवढं नक्की, पण किती वर? डायमेथिकोनही कधी कधी १ टक्क्याच्या आत घालतात. तेही खाली असेल तर रेषा ग्लिसरिल स्टिअरेटच्या लगेच नंतरही असू शकते. डब्यावर ग्राहक तक्रारीचा पत्ता असतो, तिथे प्रमाण विचारा.

ऐरोलीची_मनीषा
परवापर्यंत कोण उत्तर देणार? केशरासाठीच घेतली होती, उद्या संध्याकाळी परत करते.

कोपरी_गावठाण
वांगाला आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आई उन्हात जाताना सनस्क्रीन लावतात का? ते लावत नसतील तर कुठलीही क्रीम घेऊन उपयोग नाही.

ऐरोलीची_मनीषा
नाही लावत. रोज अकरा वाजता भाजीला जाते, डोक्यावर पदरसुद्धा घेत नाही.

नेरुळचे_काका
बिस्किटांचं कोणी सांगितलं नाही.