‘गिव्ह अप’ला एकच मराठी क्रियापद शोधणं सोडा

शलाका, मालवण
आमच्या वाडीच्या छोट्या प्रदर्शनासाठी एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. त्यात वाक्य आहे, ‘ही गेव्ह अप द सी आफ्टर द बँक टर्न्ड डाउन हिज लोन.’ मी लिहिलं, ‘बँकेने कर्ज नाकारल्यावर त्यांनी समुद्राचा त्याग केला.’ ज्यांच्यावर लेख आहे त्या आजोबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, ‘त्याग? मी काय संन्यास घेतलंय?’ माझ्याकडे क्लासमधली जुनी यादी आहे. गिव्ह अप म्हणजे त्याग करणे, टर्न डाउन म्हणजे नाकारणे. यादी चुकली की मी? एकाला एक असं मराठी क्रियापद मिळतं की नाही?

अरुंधती, रत्नागिरी
आजोबांनी बरोबर पकडलं. त्याग गांधीजी करतात, नाहीतर घरातली मोठी बहीण करते. होडीवाला दर्यावर जायचं सोडतो.

माझं मत सरळ आहे. ती यादी फाडून टाका. (बघा, इथेही ‘फाडा’ म्हटलं असतं तर जोर आला नसता.) इंग्रजीत अर्थ वळवण्याचं काम ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’ ही शेपटं करतात. मराठीत तेच काम बहुतेक वेळा क्रियापदाला जोडून येणारं दुसरं क्रियापद करतं, आणि ते आपण दिवसभर न कळत वापरतो. ‘लिहिणे’ घ्या. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध मी लिहून घेते, शेजारणीला पाककृती लिहून देते, भिशीचा हिशोब वहीत लिहून ठेवते, अख्खं भाषण एका बैठकीत लिहून काढते, आणि कंटाळवाणा अर्ज एकदाचा लिहून टाकते. इंग्रजीत इथे कुठे टेक डाउन, कुठे राइट डाउन, कुठे राइट आउट येईल. एकाच ‘डाउन’साठी मराठी एकदा ‘घेणे’ वापरते, एकदा ‘ठेवणे’. म्हणून ‘अप म्हणजे अमुक’ हे कोष्टक जमत नाही.

आता ‘सोडणे’. ‘त्याने नोकरी सोडली’ ही नुसती बातमी झाली. ‘सोडून दिली’ म्हटलं की हातातली गोष्ट जाऊ दिली, मागे वळून बघणं संपलं. ‘नोकरी सोडून बसलाय’ म्हटलं की बोलणाऱ्याच्या कपाळावर आठी आलीच. इंग्रजी ‘गेव्ह अप’मध्ये पहिल्या दोन्ही छटा बसतात, तिसरी मात्र वेगळ्या शब्दांत सांगावी लागते. त्यामुळे शब्द शोधण्याआधी विचारा, काय सोडलं आणि कोणत्या मनाने सोडलं? सिगरेट सोडतात. कोडं सुटलं नाही की ‘हरलो बाबा, सांग’ म्हणतात. हट्टी पोरापुढे आई हात टेकते. फरारी माणूस पोलिसांच्या स्वाधीन होतो. बसमध्ये म्हातारीला जागा देतात. इंग्रजीत या सगळ्यांना गिव्ह अप चालतं.

निवृत्त मास्तर, दापोली
बाईंचं लिखाण गोड आहे, पण यादी फाडा म्हणणं सोपं. मी 31 वर्षं खेड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवलं. नववीतल्या पोराला ‘संदर्भावर अवलंबून आहे’ असं सांगितलं, की तो उत्तराची जागा कोरी सोडतो. त्याला हातात धरायला एक अर्थ लागतो. ‘टर्न डाउन म्हणजे नाकारणे’ एवढं आलं तरी दहापैकी सहा ठिकाणी तरून जातो. पुढचं पुढे.

आणि मुलं चुकतात ती अर्थात कमी, रचनेत जास्त. ‘टर्न डाउन इट’ लिहितात. सर्वनाम मध्ये घालायचं, ‘टर्न इट डाउन’. हे मराठीतून सुचणं शक्यच नाही, कारण आपल्याकडे ‘सोडून’ आणि ‘दिलं’ यांच्या मध्ये फार तर ‘च’ शिरतो. दुसरा खड्डा म्हणजे ‘ही टर्न्ड डाउन द लेन’. एका मुलाने याचं ‘त्याने गल्ली नाकारली’ केलं होतं. त्यावर मी एक युक्ती शिकवायचो. नाम उचलून मध्ये ठेवून बघ. ‘टर्न्ड द ऑफर डाउन’ चालतं, म्हणजे जोडी पक्की आहे. ‘टर्न्ड द लेन डाउन’ चालत नाही, म्हणजे तो माणूस नुसता गल्लीत वळलाय.

श्रीपाद, राजापूर
यात नवीन काय? संस्कृतात हेच आहे. एक ‘हृ’ धातू, त्याला उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह आउट हा तोच खेळ. इंग्रजांनी शेपूट मागे लावलं, आपण पुढे लावलं. मग मराठीत उपसर्ग लावून नवी क्रियापदं का करू नयेत?

अरुंधती, रत्नागिरी
श्रीपादराव, अर्धं बरोबर. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटून दूरही बसतो, पाणिनीनेही त्याची नोंद केली आहे. त्यामुळे नातं तुम्ही म्हणता त्याहूनही जवळचं आहे. पण मराठीत आलेला ‘प्रहार’ हा शिजून आलेला शब्द आहे. त्यातला ‘प्र’ काढून तुम्ही ‘बसणे’ला लावू शकत नाही. ‘प्रबसणे’ म्हणून बघा, घरचे डॉक्टरकडे नेतील. टाकणे, देणे, बसणे, ठेवणे मात्र आजही ताज्या क्रियापदांना लागतात. ‘मेसेज डिलीट करून टाकला’ हे कुणी शिकवावं लागलं नाही.

नंदू, गुहागर
टर्न डाउनवरून माझा किस्सा. आमच्या घरी पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. एका परदेशी बाईंनी फोनवर विचारलं, संध्याकाळी टर्न डाउन करता का? मला वाटलं, उशिरा आलेल्यांना परत पाठवता का विचारतायत. मी ठणकावून सांगितलं, नो मॅडम, नेव्हर, आम्ही कुणालाच नाही म्हणत नाही. त्या खूश. रात्री आल्या, खोलीत बघतात तर पलंगावरची चादर तशीच ताणलेली. मग कळलं, रात्री झोपायच्या आधी पांघरूण एका बाजूने दुमडून बिछाना तयार ठेवायचा असतो, त्याला म्हणतात टर्न डाउन. आमची आई म्हणाली, म्हणजे अंथरूण घालून ठेवायचं, एवढंच ना!

तुमच्या यादीत हे आहे का? माझ्या मते हॉटेलवाल्यांसाठी वेगळी यादी पाहिजे.

अरुंधती, रत्नागिरी
नंदू, तुमच्या आईंना माझा नमस्कार. ‘घालून ठेवायचं’ हे अगदी नेमकं आहे. पुढे उपयोगी पडावं म्हणून आधी करून ठेवलेलं काम.

शलाका, आता तुझं ‘टर्न डाउन’. इथे दुसरं क्रियापद मदतीला येत नाही. ‘नाकारून दिलं’ हे मराठीच नाही. इथे कोण कुणाला नाही म्हणतंय त्यावर शब्द बदलावा लागतो. न्यायालय याचिका फेटाळतं, मुलीकडचे स्थळ नाकारतात, मानी माणूस मदत धुडकावतो, बँक कर्ज नामंजूर करते. आणि ‘नाकारणे’मध्ये एक गोची आहे. ‘त्यांनी कर्ज नाकारलं’ म्हटलं तर आजोबांनी घ्यायला नकार दिला असंही वाटतं. कर्ता लिहिल्याशिवाय सुटका नाही. आजोबांनाच विचार, बँकेने काय केलं ते त्यांच्या शब्दांत.

बाबल्या, वेंगुर्ला
आमच्याकडे ‘तेचो नाद सोड’ म्हणतत. गिव्ह अपला यापेक्षा चांगलं काय पाहिजे? ‘नाद’ म्हटलं की हौस, खोड, माणूस सगळं आलं. प्रदर्शनाच्या फलकावर ‘दर्याचा नाद सोडला’ लिहा.

एक शंका मास्तरांना. ‘लेड अप द बोट’ असं मी एका नौकाविहाराच्या पुस्तिकेत वाचलं. त्याचं कुणी ‘होडी वर घातली’ केलं होतं. आमच्याकडे पावसाळ्याआधी होडी ओढून वर घेतात, झावळ्यांनी शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून पुन्हा पाण्यात लोटतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदीच असते. मग ‘शाकारून ठेवली’ हेच ना त्याचं मराठी?

निवृत्त मास्तर, दापोली
अगदी तेच. हंगाम संपला म्हणून बोट कामातून काढून नीट ठेवणे. फक्त नागपूरच्या वाचकाला ‘शाकारणे’ म्हटलं की घराचं छप्पर आठवेल, एवढं ध्यानात ठेवा.

‘नाद’ मात्र मला पटत नाही. ज्याच्यावर पोट होतं त्याला नाद कसं म्हणायचं? दारूचा नाद असतो, नाटकाचा असतो.

शलाका, मालवण
काल आजोबांकडे जाऊन आले. बँकेबद्दल म्हणाले, ‘दोनदा परत धाडल्यान. तेवा म्हटलंय, जांवदे.’ मग मी विचारलं, होडी विकून टाकली का? तर मला मागच्या पडवीत घेऊन गेले. होडी तिथेच आहे. झावळ्या या वर्षीच्या, ताज्या. इंग्रजी लेखात याचा उल्लेखच नाही.

आता मी असं केलंय. ‘बँकेने त्यांना कर्जासाठी दोनदा परत पाठवलं. जाऊ दे म्हणत त्यांनी दर्यावर जाणं सोडून दिलं.’ ठीक आहे का?

अरुंधती, रत्नागिरी
पहिलं वाक्य सुंदर. ‘परत पाठवलं’ हे ‘नामंजूर’पेक्षा सरस, त्यात बँकेच्या पायऱ्या उतरणारा माणूस दिसतो. दुसऱ्या वाक्यात ‘दिलं’ काढ. जो दरवर्षी होडी शाकारतो, त्याने सोडलं असेल, सोडून दिलेलं नाही.

श्रीपाद, राजापूर
पण बाई, नकारात हे दुसरं क्रियापद गळून पडतं ना? ‘त्याने खाऊन टाकलं’ याचा नकार ‘खाल्लं नाही’ होतो, ‘खाऊन टाकलं नाही’ कानाला खटकतं. मग तुम्हीच ‘सोडून दिलेलं नाही’ कसं लिहिलंत?

अरुंधती, रत्नागिरी
पकडलंत. एरवी गळतं हे खरं. दोन छटा शेजारी ठेवून एक खोडायची असेल तर राहतं, असं माझ्या कानाला वाटतं. पण ‘टाकणे’पेक्षा ‘देणे’ नकारात जास्त तग धरतं, ते का, याचं नेमकं उत्तर माझ्यापाशी नाही.

निवृत्त मास्तर, दापोली
माझ्या मते ‘सोडून दिलं’च राहू द्या. लेखकाने ‘गेव्ह अप’ लिहिलंय, होडी त्याने पाहिलेली नाही. भाषांतर लेखाचं आहे, पडवीचं नाही.

बाबल्या, वेंगुर्ला
मास्तर, फलक आजोबांच्या वाडीत लागणार आहे. वाचणारे सगळे पडवी बघून आलेले असतील.

शलाका, मालवण
‘सोडलं’ ठेवलंय. सर, तुमच्यासाठी खाली एक ओळ जोडलीय, ‘होडी अजून शाकारलेली असते.’ ती मूळ लेखात नाही हे मान्य. आजोबांनी वाचलं. ‘असते’वर बोट ठेवून म्हणाले, ‘हां, ह्यां बरां.’