सभेआधी "वाचून या" म्हणणं हा सभासदांचा अपमान आहे का?

मूळ पोस्ट (गच्चीखालचा_चौथा_मजला): सचिवांनी नोटीस काढली, सोबत अहवालही दिला. मग गुरुवारी पुन्हा "कृपया पान ११ वाचून या" असा मेसेज कशाला? आम्ही शाळेतली मुलं आहोत का? वाचणारा वाचतो. न वाचणाऱ्याचं नशीब त्याच्यापाशी.

सचिव_तीन_वर्षं: न वाचणाऱ्याचं नशीब त्याच्यापाशी राहत नाही, ते अठ्ठेचाळीस घरांच्या डोक्यावर येतं. हे अनुभवलंय म्हणून लिहितो.

आमची गच्ची गळत होती. पहिल्या विशेष सभेला ३४ पानी स्ट्रक्चरल ऑडिट सगळ्यांना दिलं होतं आणि अजेंड्यावर विषय होता "गच्ची दुरुस्तीबाबत विचार करणे". दोन तास प्रत्येकाने आपापल्या छताच्या ओलीची गोष्ट सांगितली. शेवटी कोणीतरी म्हणालं, आहे त्याच्यावर कोबा टाका. हात वर झाले. पान ११ वर लिहिलं होतं की गच्चीवर आधीच कोब्याचे दोन थर आहेत आणि स्लॅबवर आणखी भार टाकू नये. साडेचार इंचांचा विटांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन. इंजिनिअरने काम करायला नकार दिला आणि पावसाळा तसाच गेला.

दुसऱ्या सभेआधी, गुरुवारी संध्याकाळी, मी एवढंच पाठवलं: "रविवारी एकच ठरवायचं आहे. जुने दोन्ही थर काढून नवा कोबा करायचा, की थर काढून मेम्ब्रेन घालायचं? त्यासाठी पान ११ आणि १४ पुरेत, दहा मिनिटं लागतील. रविवारी ठरलं नाही तर कोटेशनची मुदत संपते." चाळीस मिनिटांत ठराव झाला.

निवृत्त_बँकवाला: कायद्याने चौदा दिवसांची नोटीस दिली की समितीचं काम संपलं. आठवण देणं उपविधींत कुठे आहे?

सचिव_तीन_वर्षं: काका, चौदा दिवस वार्षिक सभेला. विशेष सभेला पाच पूर्ण दिवस. आठवण उपविधींत नाही हे खरं, पण नोटीस दारावर लावल्याने पान ११ कोणाच्या डोक्यात जात नाही.

निवृत्त_बँकवाला: पाच दिवस, मान्य. तरी अजेंड्यावर नसलेला विषय तुम्ही मेसेजमधून घुसवू शकत नाही, हे लक्षात ठेवा.

सचिव_तीन_वर्षं: म्हणूनच दुसऱ्या नोटिशीत तेच वाक्य शब्दशः होतं.

पुण्याची_ऑफिसवाली: ॲमेझॉनमध्ये सुरुवातीला सगळे गप्प बसून टिपण वाचतात. तुम्हीही वाचायला वीस मिनिटं द्या, आठवण लागणारच नाही.

सचिव_तीन_वर्षं: तिथे टेबलाभोवती पगारी माणसं बसतात. आमच्याकडे पार्किंगमध्ये खुर्च्या, लहान मुलं, निम्म्या लोकांकडे चष्मा नाही.

आईसाठी_लिहिते: चष्म्याचं सोडा. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मराठी पेपर रोज शेवटच्या पानापर्यंत वाचते. तुमचं ऑडिट इंग्रजीत. "पान ११ वाचून या" म्हणजे तिने काय करायचं? सभेत ती गप्प बसते आणि लोक म्हणतात म्हातारीला काही कळत नाही. मला फार राग येतो.

गच्चीखालचा_चौथा_मजला: अगदी! आमच्याकडे अकाउंट्ससुद्धा इंग्रजीत.

निवृत्त_बँकवाला: अख्ख्या अहवालाचं भाषांतर कोण करणार? पैसे कोणी द्यायचे?

आईसाठी_लिहिते: अख्खा कोणी मागितलाय? दोन पानांचं मराठी करा. मी करून देते, फुकट. पण चुकलं तर जबाबदार मी, असं मात्र म्हणू नका.

निवृत्त_बँकवाला: मग इंजिनिअरची सही मराठी मजकुरावर हवी. नाहीतर उद्या कोणी तक्रार केली की सगळे तुमच्याकडे बोट दाखवतील.

आईसाठी_लिहिते: इंजिनिअर इंग्रजीशिवाय सही करतो का ते विचारा आधी.

गच्चीखालचा_चौथा_मजला: मुद्द्यावर येतो. सचिवसाहेब, तुमच्या प्रश्नात दोनच पर्याय आहेत. मला दोन्ही नको होते. फक्त तडे भरून एक वर्ष थांबावं असं माझं मत असेल तर? "एकच निर्णय" म्हणत तुम्ही तो आधीच घेऊन टाकलात. याला वाचायची आठवण म्हणत नाहीत, याला वळवणं म्हणतात.

सचिव_तीन_वर्षं: वळवायचं असतं तर पान ११ वाचा म्हटलंच नसतं! तडे भरण्याचा पर्याय इंजिनिअरने पान १४ वरच नाकारलाय, स्लॅबची सळई गंजलेली आहे.

गच्चीखालचा_चौथा_मजला: मग तेही मेसेजमध्ये लिहायचं. नाकारलं का, ते सभासदाला कळू दे.

सचिव_तीन_वर्षं: हे खरं आहे. लिहायला हवं होतं. पुढच्या वेळी "यापैकी काहीच नको" हेही लिहीन आणि तसं ठरलं तर पावसात काय होईल, तेही.

गच्चीखालचा_चौथा_मजला: तरी गुरुवारचा मेसेज मला टोचतोच. पण पान ११ मी काल पहिल्यांदा वाचलं.

आईसाठी_लिहिते: दोन पानं मराठीत उद्यापर्यंत पाठवते. सहीचं कोण बघतंय?