‘समजेल’ लिहिले तर काय बिघडते? (दुसरीच्या वजाबाकीवरून)

मूळ लेखन, ‘टाचणत्रस्त’: पाठ टाचणाच्या उद्दिष्टात ‘समजेल’ लिहू नका, असे प्रशिक्षणात वारंवार सांगितले जाते. माझ्या मते हा केवळ शब्दांचा खेळ आहे. पाठ उत्तम झाला, तर उद्दिष्ट कसे लिहिले होते याने काय फरक पडतो?

खडूफळा: हा शब्दांचा खेळ नाही, आणि हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. दुसरीच्या पाठासाठी मी ‘विद्यार्थ्यांना हातच्याची वजाबाकी समजेल’ असे लिहिले होते. पाठ रंगला, मुलांनी माना डोलावल्या, फळ्यावरची उदाहरणे सर्वांनी एका सुरात सोडवली. दुसऱ्या दिवशी ५२ − २७ दिले, तेव्हा अनेक वह्यांत ३५ हे उत्तर होते. दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलांनी सातातून दोन वजा केले होते, आणि आदल्या दिवशी त्या सामूहिक सुरात मला हे ऐकूच आले नव्हते. ‘समजेल’ या शब्दाने तास संपताना नेमके काय पाहायचे, हेच मला सांगितले नव्हते.

आज मी असे लिहीन: ‘दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या जवळ असताना, विद्यार्थी दोन अंकी वजाबाकीच्या चार उदाहरणांपैकी किमान तीन उदाहरणे स्वतः सोडवतील आणि त्यांपैकी एकात गठ्ठा का सोडावा लागला, हे काड्यांनी दाखवतील.’ मूल काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत आणि किती चांगले, हे उद्दिष्टाचे तीन भाग शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच मांडले होते.

सरळमार्गी: एवढे लांबण कशाला? क्रियापद डोळ्यांना दिसणारे असले की पुरे. माझ्या प्रत्येक टाचणात ‘विद्यार्थी कार्यपत्रिका पूर्ण करतील’ असते आणि ते स्पष्ट दिसते.

खडूफळा: क्रियापदाबाबत आपले बरोबर आहे, परंतु कार्यपत्रिका ही कृती आहे, उद्दिष्ट नव्हे. शेजारच्याची वही पाहूनही ती पूर्ण होते. न शिकलेल्या मुलालाही जे करता येते, ते उद्दिष्ट म्हणून लिहू नये.

गणिताची बाई: मला ‘चारपैकी तीन’ हेच पटलेले नाही. ती चार उदाहरणे कोणती, हे आपण सांगितलेलेच नाही. मी ५२ − २७, ४१ − १८, ७० − २६ आणि ५८ − २३ देते. शेवटच्या उदाहरणात गठ्ठा सोडावा लागत नाही, आणि तेच मला सर्वांत जास्त सांगते, कारण यांत्रिकपणे दर वेळी गठ्ठा सोडणारे मूल तेथे २१५ लिहिते. आपल्या अटीनुसार मात्र हे मूल तीन बरोबर सोडवून पुढे जाईल आणि त्याची चूक कोणाच्याच लक्षात येणार नाही.

खडूफळा: नाइलाजाने मान्य करतो. ५८ − २३ ही स्वतंत्र अट असायला हवी: ‘गठ्ठा केव्हा सोडायचा नाही, हेही ओळखतील.’ परंतु ७० − २६ त्या तासाला नकोच. शून्यातून सहा वजा करताना मुले ५६ लिहितात. त्या अडचणीला स्वतंत्र तास आणि स्वतंत्र उद्दिष्ट हवे.

कवितेची बाजू: आपण सर्वजण गणितच धरून बसला आहात. मी एकदा कवितेच्या तासाला ‘विद्यार्थी कवितेतील चार यमके सांगतील’ असे लिहिले, कारण तपासणीत मोजता येणारेच उद्दिष्ट मागितले होते. मुलांनी यमके शोधली, कविता मात्र कोणीच ऐकली नाही. त्या तासाचा राग अजून माझ्या मनात आहे. कलाशिक्षणाचे अभ्यासक एलियट आयस्नर यांनीही १९६७ मध्ये हाच आक्षेप घेतला होता, की कलेत सगळे फलित आधी ठरवता येत नाही.

गणिताची बाई: तुमचा राग मला समजतो, पण दोष मोजण्याचा नव्हे, सोपे म्हणून यमक निवडण्याचा आहे. ‘आवडलेली एक ओळ निवडून, ती का आवडली हे कवितेतील शब्दांच्या आधारे सांगतील’ असे लिहिता आले असते. ते ऐकू येते आणि त्यासाठी कविता ऐकावीच लागते.

कवितेची बाजू: हे यमकांपेक्षा बरे आहे, एवढेच म्हणेन. जे मूल गप्प राहते आणि घरी गेल्यावर ती ओळ गुणगुणते, ते तुमच्या टाचणात कोठे बसते? मला उत्तर मिळालेले नाही.

टाचणत्रस्त: माझी अडचण वेगळी आहे. वर्गात चाळीस मुले आहेत. प्रत्येकाने काड्यांनी दाखवायचे म्हटले, तर तास तेथेच संपेल.

खडूफळा: सर्वांचे त्याच तासाला पाहायचे नाही. शेवटच्या दहा मिनिटांत मुलांना तीनच उदाहरणे चिठ्ठीवर, शेजाऱ्याशी न बोलता सोडवायला द्या: ५२ − २७, ४१ − १८ आणि ५८ − २३. नंतर चिठ्ठ्यांचे तीन गट करा: सर्व बरोबर, ३५ किंवा ३७ लिहिणारे, आणि २१५ लिहिणारे. उरलेल्या थोड्या चिठ्ठ्या बहुधा मोजणीतील चुकांच्या निघतात. काड्या फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला दुसऱ्या दिवशी द्या, तोवर पहिल्या गटाला पुढची उदाहरणे सोडवू द्या. यासाठी उद्दिष्टातील काड्यांची अट दुसऱ्या दिवसावर न्यावी लागेल.

टाचणत्रस्त: चिठ्ठ्या उद्या करून पाहीन. ‘समजेल’ मात्र मी अजून खोडलेले नाही, त्याच्या खाली ही तीन उदाहरणे लिहिली आहेत.