प्रतिसाद: जाळं विणतात, पण सकाळचं आठवत नाही

>> "आजोबांना सकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नाही, पण ओट्यावर बसून जाळं सफाईने विणतात. मग स्मृती गेली म्हणायची की नाही?"

एक गेली, दुसरी शाबूत आहे. कोण आलं, काय खाल्लं ही सांगता येणारी स्मृती. नवीन घटना साठवायला मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात आत दडलेला हिप्पोकॅम्पस लागतो. गाठ मारणं, जाळ्याच्या भोकांचा आस सारखा ठेवणं ही हातांची सवय, आणि तिचा भार मुख्यतः मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीपुंजांवर आणि लहान मेंदूवर असतो.

हेन्री मोलेसन या रुग्णाच्या बाबतीत हे स्वच्छ दिसलं. १९५३ मध्ये अपस्मारासाठी त्याच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग दोन्ही बाजूंनी काढला. पुढे मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनरने त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. तीन दिवसांत चुका भराभर कमी झाल्या, पण हे काम आधी केल्याचं त्याला आठवेना. जुनं विसरला नव्हता इतकंच नाही, तर हात नवीन शिकत होता!

उलटंही घडतं. पार्किन्सनमध्ये बेसल गँग्लिया बिघडतात. अशा रुग्णांना चित्रांच्या पत्त्यांवरून पाऊस की ऊन याचा अंदाज बांधायला दिला, तेव्हा सरावाने येणारी हातोटी त्यांना जमेना, पण पत्ते कसे होते ते नीट सांगता आलं.

म्हणून जाळं बघून 'सगळं ठीक' समजू नका. डॉक्टरांना सकाळचं विसरणं सांगा, आणि ते कधीपासून, तेही. बी-१ जीवनसत्त्व कमी पडूनही (दारू असेल तर विशेष) मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमसजवळचे भाग बिघडून असंच होतं, आणि तिथे उशीर महागात पडतो.